प्लास्टिक व पॅकिंग मालाच्या गोदामातील अग्निसुरक्षा (कोल्हापूर परिसर)

प्लास्टिकच्या वस्तू, फिल्मचे रोल, विणलेली पोती, थर्माकोल, पुठ्ठ्याची खोकी असा माल साठवणाऱ्या गोदामात लागलेली आग जागच्या जागी आटोक्यात राहावी, यासाठी केलेली व्यवस्था. छताचे स्प्रिंकलर, थप्पीची उंची आणि थप्प्यांमधले बोळ या तीन गोष्टी त्यात एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक बदलली की उरलेल्या दोन्ही नव्याने तपासाव्या लागतात. आग लागण्याची नेहमीची कारणे, म्हणजे वायरिंग, वेल्डिंगच्या ठिणग्या, विडी-सिगारेट, सगळ्याच गोदामांत सारखी असल्याने या नोंदीत त्यांचा विस्तार केलेला नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती व पुणे-बंगळूरू महामार्गालगतची गोदामे हे कोल्हापुरातले या साठवणीचे मुख्य पट्टे. दुधाच्या पिशव्यांची फिल्म, साखरेची विणलेली पोती, गुळाची खोकी, इचलकरंजीच्या सुताचे पॅकिंग असा हा माल. त्याचा साठा वर्षभर सारखा राहत नाही. ऊस गाळपाच्या हंगामाआधी पोत्यांचे गठ्ठे येऊन पडतात, दिवाळीच्या तोंडावर खोकी वाढतात, आणि भाड्याने घेतलेल्या त्याच जागेत सगळे बसवायचे म्हणून माल वर चढतो. पुराचीही त्यात भर पडते. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. तेव्हापासून खालचा थर ओला होऊ नये म्हणून माल उंचावर ठेवण्याकडे कल असेल, तर ते समजण्यासारखे आहे. पण पॅलेटखाली पॅलेट घालून थप्पी उचलली की तिचा माथा स्प्रिंकलरच्या तेवढाच जवळ जातो. शिवाय रस्ता बंद असताना अग्निशमन दलाचा बंबही पोचू शकत नाही, म्हणून गोदामाच्या स्वतःच्या टाकीतल्या पाण्यावरच पहिला तास निभावून नेता आला पाहिजे.

प्लास्टिक वेगळे का

एक किलो पुठ्ठा जळताना साधारण 16 ते 18 मेगाज्यूल उष्णता देतो, तर पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन सुमारे 43 ते 46 मेगाज्यूल, म्हणजे अडीच पटींहून जास्त. फरक तेवढ्यावर थांबत नाही. पुठ्ठा जळताना वर कोळशाचा थर धरतो आणि पाणी शोषतो. पॉलिइथिलीन वितळते, ठिबकते आणि जमिनीवर जळत्या तेलासारखे पसरून शेजारच्या थप्पीच्या बुडाला जाऊन भिडते. त्याच्या पृष्ठभागावर पाणी ठरत नाही. थर्माकोल सगळ्यात अवघड: वजनाला हलके, पण आत हवाच हवा असल्याने झपाट्याने पेटते. म्हणून साठवणीच्या नियमावल्यांत मालाचे वर्ग पाडलेले असतात आणि पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरिन सगळ्यात कडक वर्गात येतात. पीव्हीसीची उष्णता त्या मानाने कमी, मात्र त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो.

थप्पी पेटते ती बहुधा खालून. दोन खोक्यांमधल्या उभ्या फटीतून ज्वाळा धुराड्यातून चढावी तशी वर जाते, दोन्ही बाजूंच्या मालाला तापवत. त्यामुळे थप्पी दुप्पट उंच झाली की आगीचा जोर दुपटीहूनही जास्त वाढतो. उंचीला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

स्प्रिंकलर आणि एक हिशोब

सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकदम सुटत नाहीत. प्रत्येकाच्या तोंडाशी काचेची एक बारीक नळी असते. तिच्या जवळची हवा ठरावीक तापमानाला पोचली की ती फुटते आणि तेवढाच स्प्रिंकलर पाणी सोडतो. लाल नळी 68 अंशांना फुटते, पिवळी 79 ला, हिरवी 93 ला. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेमध्ये हवा फार तापते, म्हणून तिथे लाल नळी बसवण्याआधी छताखालचे तापमान मोजून घ्यावे लागते. नाहीतर आग नसताना पाणी सुटायचे.

नेमकी गल्लत कुठे होते, हे उदाहरणाने पाहू. समजा, 5 मीटर उंच छताचे एक गोदाम आहे. तिथे कागदी मालाची खोकी 3.6 मीटरपर्यंत रचली जात आणि स्प्रिंकलर त्या हिशोबाने बसवले होते. भाडेकरू बदलतो. नवा भाडेकरू त्याच मापाच्या खोक्यांत प्लास्टिकची झाकणे आणि कप ठेवतो. थप्पी तेवढीच, पॅलेट तेच, बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही.

एनएफपीए 13 या अमेरिकी मानकाच्या आकड्यांनी (भारताचे स्वतःचे मानक आयएस 15105 आहे, पण साठवणीच्या बाबतीत सल्लागार आणि विमा कंपन्या एनएफपीएचाही आधार घेतात) कागदी मालाला दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे 8 लिटर पाणी, 139 चौरस मीटर क्षेत्रावर पुरेसे धरले जाते. म्हणजे मिनिटाला साधारण 1,130 लिटर. खोक्यात भरलेल्या, थर्माकोलसारख्या न फुगवलेल्या प्लास्टिकला त्याच उंचीवर दर चौरस मीटरला सुमारे 16 लिटर लागतात, तेही 232 चौरस मीटरवर. हे मिनिटाला 3,780 लिटरच्या आसपास होते. आग विझवणाऱ्यांच्या होजसाठी पहिल्या प्रकारात मिनिटाला 950 आणि दुसऱ्यात 1,900 लिटर धरले, आणि वेळ अनुक्रमे 60 व 90 मिनिटे, तर टाकी सव्वा लाख लिटरवरून पाच लाखांच्या पुढे जाते. खोक्यातला माल बदलला, एवढेच झाले. जुना पंप चालू होईल, घंटा वाजेल, पाणीही पडेल. पण ते आगीच्या मानाने अपुरे पडून गरम हवा छताखाली पसरत जाईल, लांबलांबचे स्प्रिंकलर फुटत जातील आणि प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी आणखी कमी होईल. अशा आगीत चाळीस स्प्रिंकलर फुटले म्हणजे यंत्रणेने जोरात काम केले असे नव्हे. ती हरली, असा त्याचा अर्थ.

उंच साठवणीसाठी मोठ्या थेंबांचे, लवकर फुटणारे ईएसएफआर स्प्रिंकलर वापरतात. त्यांचे थेंब ज्वाळेच्या झोतातून खाली पोचण्याइतके जड असतात. साधारण 12 स्प्रिंकलर एकाच वेळी चालतील असे गृहीत धरून त्यांचे पाणी ठरवले जाते. हे चांगले साधन आहे. मात्र पाइप, दिवा किंवा तुळई आड आली तर ते साध्या स्प्रिंकलरपेक्षा जास्त बिघडते. जुन्या शेडमध्ये नुसती तोंडे बदलून ईएसएफआर बसवणे म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. त्यासाठी पाइपचा व्यास, पंप आणि छताचा उतार यांचा हिशोब नव्याने मांडावा लागतो.

थप्पीची उंची

थप्पीला दोन मर्यादा असतात आणि लोक बहुधा एकच लक्षात ठेवतात. पहिली, माथा आणि स्प्रिंकलरची पाणी पसरवणारी थाळी यांत किमान 45 सेंटीमीटर मोकळे असावे, म्हणजे पाण्याची छत्री उघडू शकते. ईएसएफआरसाठी हे अंतर 90 सेंटीमीटर आहे. दुसरी, ज्या उंचीसाठी यंत्रणा हिशोबली ती उंची.

वरच्याच गोदामात थाळी जमिनीपासून 4.8 मीटरवर असेल, तर पहिल्या नियमाने थप्पी 4.35 मीटरपर्यंत चालेल असे वाटते. पण यंत्रणा 3.6 मीटरची आहे. 1.2 मीटरच्या तीन पॅलेटांनी ती मर्यादा भरते. त्यावर अर्धा थर, 60 सेंटीमीटर, ठेवला की उंची 4.2 मीटर होते. 45 सेंटीमीटरचा नियम अजून पाळला जातोय, तपासणीला आलेला माणूस मोजपट्टी लावून खूश होतो, आणि मूळ हिशोब मात्र मोडलेला असतो. खांबावर लाल पट्टा मारायचाच तर तो 3.6 वर मारावा, आणि खाली कोणत्या मालासाठी तेही लिहावे. हमालाला सूचना फलकापेक्षा तो पट्टा जास्त कळतो.

रिकामी प्लास्टिक पॅलेटे हा वेगळाच धोका. ती पोकळ, चहूबाजूंनी हवा खेळणारी आणि निव्वळ इंधन. गोदामाच्या कोपऱ्यात छतापर्यंत रचून ठेवण्याची सवय सगळीकडे दिसते. त्यांची जागा शेडबाहेर, भिंतीपासून लांब.

बोळ

बोळ हा फक्त हॅन्ड पॅलेट ट्रक फिरवायला नसतो. पेटलेल्या थप्पीची धग समोरच्या थप्पीवर पडते. अंतर पुरेसे असेल तर मधल्या वेळात पाणी समोरचा माल भिजवून ठेवते. मानकातल्या रॅकवरच्या साठवणीच्या तक्त्यांमध्ये 1.2 आणि 2.4 मीटर रुंदीच्या बोळांना पाण्याचे वेगवेगळे प्रमाण दिलेले असते आणि अरुंद बोळाला जास्त पाणी लागते. म्हणून 2.4 मीटर गृहीत धरून बसवलेल्या यंत्रणेखाली बोळात दुपारपुरते म्हणून उतरवलेले गठ्ठे ठेवले, तर सुरक्षिततेचा हिशोबही तेवढ्यापुरता रद्द होतो. ‘दुपारपुरते’ हे अनेकदा आठवडाभर चालते.

रॅकमध्ये खोक्यांमधल्या उभ्या फटीही राखाव्या लागतात. आडव्या दिशेने सुमारे साडेसात, तर दोन रॅकच्या पाठींमध्ये सुमारे 15 सेंटीमीटर. या फटींतून ज्वाळा चढते हे खरे, पण त्यांतूनच पाणी खालच्या थरांत उतरते आणि उष्णता थेट छताशी जाऊन स्प्रिंकलर लवकर फुटतो. फट बुजवली तर आग आडवी, डोळ्याआड पसरते. कागदाचे रोल, पुठ्ठा असा भिजून फुगणारा माल भिंतीपासून सुमारे 60 सेंटीमीटर दूर ठेवतात, नाहीतर तो फुगून भिंतीवर रेटा देतो.

बिघाड ओळखणे

स्प्रिंकलर असूनही गोदाम जळते त्याचे सर्वांत नेहमीचे कारण बंद व्हॉल्व्ह. दुरुस्तीला बंद केला, पुन्हा उघडायचा राहिला. बाहेर येणाऱ्या स्पिंडलचा व्हॉल्व्ह असेल तर दांडा बाहेर आहे म्हणजे उघडा, आत आहे म्हणजे बंद, हे दुरूनच कळते. साखळी-कुलूप लावून तो उघडाच ठेवावा. नळीच्या शेवटी असलेली चाचणीची तोटी उघडली की एका स्प्रिंकलरइतके पाणी सुटते. काही क्षणांत दाब उतरून पंप आपोआप सुरू झाला आणि घंटा वाजली तर ठीक. दाबमापी स्थिर, पण तोटीतून पाणी उतरत नसेल, तर मधला व्हॉल्व्ह बहुधा बंद आहे. रंगकामात स्प्रिंकलरवर रंग बसला असेल तर तो धुवून चालत नाही, बदलावाच लागतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार ही व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते, आणि परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेतलेले प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. त्यात पंप आणि नळ्या तपासल्या जातात. शेडमध्ये मधल्या काळात कोणता माल आला, हे त्या कागदावरून कळेलच असे नाही. मुख्य नळीजवळच्या पत्र्याच्या पाटीवर यंत्रणा किती पाण्यासाठी आणि किती क्षेत्रासाठी हिशोबली ते लिहिलेले असते. भाडेकरार करण्याआधी ती पाटी वाचून आपल्या मालाशी ताडून घ्यावी. पाटीच नसेल, तर ज्याने यंत्रणा बसवली त्याच्याकडून मूळ आकडेमोड मागवावी.