‘कधी जमेल?’ आणि ‘येणार का?’: सभेची वेळ तीनदा बदलल्यावर काय विचारावं

सोसायटीच्या ग्रुपवर हे दोन प्रश्न सर्रास एकच समजले जातात. ‘कधी जमेल?’ हा सोय विचारणारा प्रश्न आहे. त्याला आलेला होकार तेवढ्या वेळेपुरताच असतो. शनिवारी संध्याकाळी मोकळे असलेले काका रविवारी सकाळी येतीलच असं नाही. म्हणून वेळ बदलली की आधीचे सगळे होकार बाद धरायचे, आणि सेक्रेटरी नेमकं हेच विसरतात. जुन्या पोलवरचे अंगठे मोजून ते पुढची तारीख ठरवतात. त्यातले निम्मे अंगठे ‘वाचलं’ एवढंच सांगत असतात.

‘येणार का?’ मध्ये वेळ ठरलेली असते, माणूस स्वतःचं नाव देतो, आणि उत्तराला मुदत असते.

समजा 24 सभासदांच्या सोसायटीत लिफ्ट बदलण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा घ्यायची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्ती दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. इथे 16. भाडेकरूचा होकार यात धरता येत नाही. सभेआधी पूर्ण पाच दिवसांची नोटीसही लागते, त्यात नोटिशीचा आणि सभेचा दिवस मोजत नाहीत. सभा रविवारी, 15 मार्चला असेल तर नोटीस उशिरात उशिरा सोमवारी, 9 मार्चला निघायला हवी. म्हणजे शब्द त्याआधीच घ्यायचा:

‘नमस्कार. लिफ्टच्या सभेची वेळ आम्ही तीनदा बदलली. ज्यांनी त्यासाठी आपली कामं बाजूला ठेवली होती, त्यांना फार त्रास झाला. मनापासून क्षमा मागतो. आधीच्या सगळ्या वेळा रद्द. आता सभा रविवारी, 15 मार्चला सकाळी 10 वाजता क्लब हाऊसमध्ये. आपण येणार की नाही, हे फ्लॅट नंबरसह शनिवारी, 7 मार्चला रात्री 9 पर्यंत लिहून कळवावं. ही वेळ आता बदलणार नाही.’

यात कारणांची यादी मुद्दाम ठेवलेली नाही. इंजिनीअर आले नाहीत, हॉल मिळाला नाही, हे सगळं खरं असलं तरी माफीच्या शेजारी ठेवलं की ती सारवासारव वाटू लागते. कुणी विचारलं तर सांगावं. आणि ‘कुणाला अडचण असल्यास सांगा’ हे वाक्य तर अजिबात नको. त्या एका ओळीने पुन्हा ‘कधी जमेल?’ सुरू होतं आणि चौथा बदल दारात येतो.

होकार 16 वर थांबले तर मी निर्धास्त राहणार नाही. ऐन वेळी दोघं-तिघं गळतातच. न कळवलेल्यांना रविवारी, 8 मार्चला स्वतः फोन करावा. तरीही गणपूर्ती झाली नाही, तर नोटिशीत तशी तरतूद लिहिलेली असल्यास अर्ध्या तासाने तहकूब सभा घेता येते, आणि तिला गणपूर्तीची अट नसते. पण लिफ्टचा खर्च सगळ्यांच्या खिशातून जाणार असताना नऊ जणांनी घेतलेला ठराव कायद्यात बसला तरी वर्गणी मागताना जड जातो.