सायलोतील धान्याचा पार्श्वदाब व वलय ताण

सायलोतील धान्याचा पार्श्वदाब व वलय ताण : उंच, नळकांड्यासारख्या कोठारात (सायलोत) साठवलेले धान्य भिंतीवर आडवा दाब टाकते, त्याला पार्श्वदाब म्हणतात. या दाबामुळे वर्तुळाकार भिंत परिघाच्या दिशेने ताणली जाते. तो ताण म्हणजे वलय ताण. पिंपाच्या फळ्यांवर बसवलेले लोखंडी कडे जे काम करते, तेच येथे काँक्रीटमधील आडव्या सळया किंवा पोलादी पत्रा करतो. घरगुती कणगीतही बांबूच्या आडव्या विणीवर हाच ताण येतो, पण व्यास लहान असल्याने तो किरकोळ असतो. पेवात दाब भोवतालची मातीच घेत असल्याने पेवाचा येथे विचार केलेला नाही.

पाण्याच्या टाकीत दाब खोलीच्या प्रमाणात वाढत जातो. धान्याचे तसे होत नाही. दाणे भिंतीला घासत बसतात आणि त्या घर्षणातून धान्याचा बराचसा भार भिंत स्वतःवर घेते. त्यामुळे काही खोलीनंतर पार्श्वदाबाची वाढ मंदावते व तो एका मर्यादेकडे झुकतो. सायलो उंच बांधणे परवडते ते यामुळेच. मात्र भिंतीला एकाच वेळी आडवा ताण आणि उभा दाब, असे दोन्ही सोसावे लागतात.

इतिहास व श्रेयाचा वाद : या विषयाचे मूळ सूत्र जर्मनीतील ब्रेमेन येथील अभियंता एच. ए. यान्सेन याच्या नावाने ओळखले जाते. त्याचा लेख १८९५ मध्ये जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चौरस छेदाच्या लाकडी नमुना-कोठ्यांत धान्य भरून, भिंतींपासून सुटा ठेवलेला तळ त्याने तराजूवर तोलला. वरून आणखी धान्य ओतले तरी तळावरील वजन फारसे वाढत नाही, हे त्याला दिसले आणि आडव्या पातळ थराचा समतोल मांडून त्याने त्याचे गणित केले.

भिंत भार घेते हे निरीक्षण मात्र यान्सेनच्या आधीचे आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स याने १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात गव्हावर प्रयोग करून तेच नोंदवले होते, आणि त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, जर्मन अभियंता हागेन याने वाळूच्या दाबाचा विचार केला होता. त्यामुळे काही लेखक अग्रमान हागेनला देतात. निरीक्षणाचा मान रॉबर्ट्सला व आधीच्यांना द्यावा आणि आजही वापरात असलेल्या घातांकी सूत्राचा यान्सेनला, ही विभागणी अधिक रास्त वाटते.

```
p = (γR/μ) · [1 − e^(−μKz/R)]
T = p · D/2
```

येथे p हा z खोलीवरील पार्श्वदाब, γ धान्याचे घनमीटरमागे वजन, μ भिंत व धान्य यांतील घर्षणांक आणि R हे छेदाचे क्षेत्रफळ भागिले परिघ. वर्तुळाकार सायलोत R म्हणजे व्यासाचा चौथा भाग. K म्हणजे आडव्या दाबाचे उभ्या दाबाशी गुणोत्तर. T हा भिंतीच्या दर मीटर उंचीमागचा वलय ताण.

खरा वाद K भोवती झाला. यान्सेनने तो प्रयोगातून ठरवावा असे मांडले. लगेच पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, कोएनेन याने आधारभिंतीमागील मातीसाठी रॅन्किनने दिलेले गुणोत्तर धान्यालाही लावावे असे सुचवले. हे सोयीचे होते, कारण धान्याचा अंतर्गत घर्षणकोन कळला की K गणिताने निघतो. गव्हाचा कोन २८ अंश धरला तर ०.३६. परंतु रॅन्किनचे गुणोत्तर भिंत थोडी बाहेर सरकली आहे असे गृहीत धरते. सायलोची भिंत परिघाने बांधलेली असते, ती तशी सरकत नाही. म्हणून स्थिर अवस्थेचे गुणोत्तर, म्हणजे एक उणे घर्षणकोनाची ज्या, अधिक लागू पडते. तेच गव्हासाठी ०.५३ येते. नंतरच्या मानकांचा कल याच बाजूस आहे. भारतीय मानक आयएस ४९९५ (१९७४) भरतीच्या वेळी K ०.५ धरते, तर युरोपीय संहिता गव्हासाठी ०.५४ देते.

या वादाचे वजन खोलीवर अवलंबून असते, हे सहसा सांगितले जात नाही. सूत्रात z खूप मोठा घेतला की उरतो तो γR/μ. त्यात K नाहीच. म्हणजे तळाकडे K चुकला तरी फार बिघडत नाही, तेथे μ निर्णायक ठरतो. वरच्या भागात मात्र K ची चूक सरळ दाबात उतरते.

उदाहरण : आतून ८ मीटर व्यास आणि २४ मीटर उंचीचा काँक्रीटचा सायलो गव्हाने भरला आहे असे समजू. भारतीय मानकाप्रमाणे गव्हाचे वजन घनमीटरला ८५० किलो (सुमारे ८.५ किलोन्यूटन), घर्षणकोन २८ अंश, आणि भरतीच्या वेळी भिंतीचा घर्षणकोन त्याचा पाऊण, म्हणजे २१ अंश, त्यावरून μ ०.३८४. R २ मीटर. दाबाची मर्यादा ४४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर येते आणि तळाशी प्रत्यक्ष दाब ४० च्या आसपास. भिंतीचे घर्षण नसते तर हाच आकडा १०२ झाला असता, आणि पाणी भरले असते तर २३५.

कोएनेनचा K घेऊन हेच गणित केले तर ६ मीटर खोलीवर १९.४ ऐवजी १५.१ येतात, म्हणजे एक-पंचमांशाहून थोडे जास्तच कमी. तळाशी फरक एक-दशांशावर येतो.

आता एक मीटर उंचीचे कडे व्यासावर कापले आहे अशी कल्पना करू. दाब दोन्ही अर्ध्यांना ४० × ८, म्हणजे ३२० किलोन्यूटन बळाने दूर ढकलतो. ते कापलेल्या दोन टोकांत वाटले जाते, म्हणून प्रत्येक टोकावर १६० किलोन्यूटन. भिंत जाड केल्याने हा आकडा कमी होत नाही, आणि काँक्रीट ताणात तडकते असेच धरायचे असल्याने सगळा भार आडव्या सळयांवर जातो. सायलोतील एकूण गहू सुमारे १,०२५ टन. त्यातील सुमारे ६१ टक्के भार घर्षणाने भिंतीवर जातो, तळावर उरलेलाच.

रिकामे करताना : सायलो शांत भरलेला असताना जे बळ असते, त्यापेक्षा धान्य सोडताना ते जास्त होते. प्रान्टे याने १८९६ मध्येच वाहत्या धान्याचा दाब जास्त मोजला होता, पण आराखडा करणारे त्यानंतरही बराच काळ केवळ भरतीच्या दाबावर विसंबले. कारणमीमांसा एकमुखी नाही. धान्य खाली सरकू लागले की उभा दाब प्रमुख असलेली स्थिती उलटते व आडवा दाब प्रमुख होतो, हे १९५० ते १९६० च्या दशकांतील स्पष्टीकरण (जेनिके व इतर) सर्वाधिक मान्य दिसते. फ्रान्समधील रायम्बेर बंधूंनी हा वाढीव दाब टाळण्यासाठी मधोमध छिद्रांची उभी नळी सुचवली. धान्य तिच्यातून वरून वरून उतरते आणि भिंतीलगतचे हलत नाही.

आयएस ४९९५ रिकामे करताना K १.० आणि भिंतीचा घर्षणकोन ०.६ पट धरण्यास सांगते. वरच्या उदाहरणात μ ०.३०२ होतो व तळाशी दाब ५५ पर्यंत जातो, ताण २१९ किलोन्यूटन. ६ मीटर खोलीवर १९.४ चे ३३.६ होतात. वाढ वरच्या भागात प्रमाणाने जास्त आहे, म्हणून सळया वरच्या दिशेने झटपट विरळ करत जाणे धोक्याचे. तळाशी, तडे बारीक राहावेत म्हणून सळईतील ताण १५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकाच धरला तर मीटरला १,४६० चौरस मिलिमीटर पोलाद लागते. भिंतीच्या दोन्ही अंगांना १२ मिमी सळई १५० मिमी अंतराने ठेवल्यास ते भागते. भरतीच्या दाबावरच आराखडा केला असता तर ही सळई सुमारे २१० मिमी अंतराने चालली असती. सरकत्या साच्याने भिंत अहोरात्र चढत असताना एखादे कडे राहून गेले तर ते बाहेरून कधीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक कडे काँक्रीटखाली जाण्यापूर्वी मोजणे आणि सळयांचे जोड एका उभ्या रेषेत येऊ न देणे यावर जाणकार देखरेख करणारे अडून बसतात.

अमेरिकेत मिनीॲपोलिसजवळ धान्यव्यापारी पीव्ही व बांधकाम करणारा हॅग्लिन यांनी १८९९–१९०० मध्ये बांधलेला सुमारे ६ मीटर व्यासाचा काँक्रीट सायलो या संदर्भात नेहमी सांगितला जातो. धान्य काढू लागताच तो फुटेल असे भाकीत होते, म्हणून त्याला ‘पीव्हीचा वेडेपणा’ असे टोपणनाव मिळाले. तो फुटला नाही व आजही उभा आहे. त्या भाकितामागील भीती धान्य निघताना आत होणाऱ्या निर्वाताच्या ओढीची होती असे सांगतात. दाब वाढतो हे मात्र खरेच होते.

मर्यादा व बिघाड : T = pD/2 हे फक्त दाब चहूबाजूंनी सारखा असतानाच खरे. तोंड एका बाजूला असले तर त्या बाजूस वाहत्या धान्याची नाळ तयार होते आणि तेथील दाब घटतो, तर नाळेच्या दोन्ही कडांना तो वाढतो. कडे मग गोल राहत नाही. ताणाबरोबर वाक येतो. एकाच बाजूने रिकाम्या होणाऱ्या काँक्रीटच्या सायलोत त्या बाजूस उभे तडे दिसू लागले तर संशय प्रथम याचाच घ्यावा. तडा धान्य काढताना रुंदावतो आणि थांबल्यावर मिटतो का, हे पाहिले की बहुधा उलगडा होतो.

μ ही स्थिर राशी नाही. नवा, खरखरीत पत्रा वर्षानुवर्षे दाणे घासून गुळगुळीत होतो. घर्षण घटते आणि वलय ताण वाढतो. उलट घर्षण जास्त असेल तर भिंतीवरचा उभा भार वाढतो व पातळ पत्रा चेपण्याचा धोका येतो. म्हणून वलय ताणासाठी μ ची किमान आणि उभ्या भारासाठी कमाल किंमत धरतात. एकच सरासरी घेणे दोन्हीकडे असुरक्षित ठरते.

नालीदार पत्र्याच्या सायलोत ताणाचा कस उभ्या जोडावर लागतो. दाब वरच्या उदाहरणातील रिकामे करतानाच्या दाबाइतकाच धरला आणि जोडात मीटरमागे १५ बोल्ट असले तर एकेका बोल्टवर सुमारे दीड टन येतो. येथे खूण बारीक असते : बोल्टाचे भोक आडव्या दिशेने लांबट होते, वॉशरखालचा रंग एका बाजूने सोलतो आणि जोडातून पिठूळ धूळ गळू लागते. एक बोल्ट तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, आणि मग जोड वरखाली उसवत जाऊ शकतो.

तापमान व ओल यांचा परिणाम या सूत्रात नाही. पोलादी भिंत रात्री २० अंशांनी थंड झाली आणि धान्याने तिला मुळीच आकुंचू दिले नाही असे मानले तर ताण ४८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरने वाढेल. गहू तितका ताठर नसल्याने प्रत्यक्षात याचा काही भागच येतो. दिवसा भिंत प्रसरण पावली की धान्य किंचित खाली बसते व पुढच्या रात्री पुन्हा आवळले जाते. ओल लागून गहू फुगला तर प्रकरण वेगळेच : तेथे दाब γ किंवा μ वर न ठरता, फुगणाऱ्या दाण्याला भिंत किती ताणून जागा देते यावर ठरतो, आणि K एकाच्या वर जाऊ शकतो.