टीनएजर पोरांना झोपेची गोळी का देत नाहीत, त्यामागचा इतिहास

'पोरगा रात्री 2 पर्यंत जागा असतो, एखादी हलकी गोळी द्या ना' हे डॉक्टरांना रोज ऐकावं लागतं, आणि डॉक्टर टाळतात त्याला कारण आहे. 1903-04 च्या सुमारास बायर कंपनीने व्हेरोनाल हे झोपेचं औषध बाजारात आणलं, मग अनेक वर्षं त्याच गटाच्या, म्हणजे बार्बिच्युरेट औषधांचाच जमाना होता, पण थोडा डोस जास्त झाला की श्वासच बंद पडायचा. 1960 नंतर लिब्रियम, व्हॅलियम आल्या, त्या मानाने सेफ, पण सवय लागते आणि एकदम बंद केल्या की झोप आणखी बिघडते. 1992 मध्ये अमेरिकेत झोल्पिडेम या नव्या झोपेच्या गोळीला परवानगी मिळाली तेव्हा वाटलं, चला, आता सुटलो.

मग कंपनीने ते मुलांवर तपासलं. 6 ते 17 वयाची, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा असा त्रास असलेली आणि झोप न लागणारी 201 मुलं, 8 आठवडे, काहींना खरी गोळी, काहींना खोटी. 2009 मध्ये रिझल्ट छापून आला तर झोप लागायला लागणाऱ्या वेळात खोट्या गोळीपेक्षा काही फरकच नाही, उलट खरी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे 7 टक्के मुलांना भास झाले, खोटी घेणाऱ्यांत एकालाही नाही, आणि चक्कर येणारी तर त्याहून कितीतरी जास्त. माझ्या मते विषय तिथेच संपायला हवा होता. 2019 मध्ये तर झोपेत चालणं, गाडी चालवणं यावरून या गोळ्यांवर सगळ्यात कडक वॉर्निंग आली, तीही मोठ्यांसाठी.

दुसरं म्हणजे बऱ्याच पोरांचा प्रॉब्लेम मुळात निद्रानाश नसतोच. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, हे झोपेवर संशोधन करणाऱ्या मेरी कार्सकडन यांनी 1993 मध्ये दाखवलं. समजा 16 वर्षांची मुलगी 10 ला आडवी होते, 1 ला झोप लागते आणि क्लाससाठी 6 ला उठते, पण सुट्टीत 1 ते 10 गाढ झोपते, तर तिची झोप चांगलीये, वेळ चुकलीये. म्हणून डॉक्टर आधी दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला लावतात, घोरणं, चहा-कॉफी, टेन्शन, डिप्रेशन हे विचारतात.

मग येतात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांचे 1972 चे नियम: पेंग आली तरच पलंगावर जायचं, वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसरीकडे बसायचं, अभ्यास आणि मोबाइल पलंगावर नाही, उठायची वेळ रविवारीही साधारण तीच. या मुलीला 10 ऐवजी साडेबारालाच पलंगावर जायला सांगतील, उठल्यावर गच्चीत उन्हात अर्धा तास, आणि झोप पटकन लागायला लागली की झोपायची वेळ 15-15 मिनिटांनी अलीकडे. पहिला आठवडा दिवसा पेंग येते, चिडचिड होते, आणि नेमकं तिथेच घरचे कंटाळून सोडून देतात. हे करूनही जमलं नाही तर कधीकधी मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ कळवणारं हार्मोन, तेही कमी डोसमध्ये आणि वेळ डॉक्टरांनी ठरवलेली. आधीपासून कुठली गोळी चालू असेल तर मात्र मनाने एकदम बंद करू नका, ती हळूहळूच कमी करतात.