मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज: काय लिहायचे, काय जोडायचे आणि शेवट कसा करायचा

वर्गशिक्षकाच्या टेबलावर येणाऱ्या रजेच्या अर्जांपैकी निम्मे एकाच साच्यातले असतात: ‘मला ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही, तरी मला रजा द्यावी.’ किती दिवस, कधीपासून, याचा पत्ता नाही. ताप नसून घरी लग्न आहे, हे मात्र सगळ्या वर्गाला ठाऊक असते. लग्नासाठी रजा मागण्यात गैर काहीच नाही. ती सरळ मागितली तर सहसा मिळतेही, म्हणून आपण लग्नाचाच अर्ज लिहू.

आधी एक हिशेब. साताऱ्यातली आठवीची एक विद्यार्थिनी आहे. तिच्या मोठ्या बहिणीचे लग्न शनिवारी, 7 फेब्रुवारी 2026 रोजी सांगलीत आहे. गुरुवारी 5 तारखेला निघायचे आणि सोमवारी 9 तारखेला परतायचे. कॅलेंडरवर हे पाच दिवस होतात. पण 8 तारखेला रविवार आहे, म्हणून शाळेचे दिवस चारच. अर्जात दोन्ही तारखा लिहून ‘रविवार वगळून 4 दिवस’ असे स्पष्ट म्हटले की हजेरीपुस्तक भरताना कुणाला बोटे मोजावी लागत नाहीत. हजर होण्याची तारीखही द्यायची, इथे मंगळवार, 10 फेब्रुवारी. ती न लिहिणे ही सर्रास दिसणारी चूक. तारीख नसली की मूल खरेच कधी येणार, हे विचारायला घरी फोन करावा लागतो.

दुसरी गोष्ट परीक्षेची. या मुलीची गणिताची घटक चाचणी नेमकी सोमवारी 9 तारखेला आहे. हे लपवले तर रजा मंजूर होते आणि चाचणीत ‘गैरहजर’ लागते. अर्जातच सांगितले तर शिक्षक ती नंतर घेऊ शकतात. घेतीलच असे नाही, पण विचारलेले असते.

अर्ज असा होईल:

दिनांक : 29 जानेवारी 2026

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे पूर्ण नाव),
सातारा.

विषय : बहिणीच्या लग्नासाठी 5 ते 9 फेब्रुवारी 2026 या काळात 4 दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदया,

मी अ. ब. क., इयत्ता आठवी, तुकडी ब, हजेरी क्रमांक 17, आपल्या शाळेत शिकत आहे. माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न शनिवार, दि. 7 फेब्रुवारी रोजी सांगली येथे आहे. त्यासाठी मला गुरुवार, दि. 5 ते सोमवार, दि. 9 फेब्रुवारी (रविवार वगळून 4 दिवस) शाळेत येता येणार नाही. मंगळवार, दि. 10 फेब्रुवारीपासून मी नियमित हजर राहीन.

सोमवारी गणिताची घटक चाचणी आहे. शक्य असल्यास ती मला परतल्यावर देता यावी, ही विनंती. बुडालेला अभ्यास मी मैत्रिणीच्या वह्या घेऊन पूर्ण करीन.

तरी वरील चार दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.

सोबत : लग्नपत्रिकेची प्रत.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
(सही)
अ. ब. क.
पालकांची सही व संपर्क क्रमांक

मायना आणि शेवट यांत मुले सर्वांत जास्त गोंधळतात. मुख्याध्यापक असतील तर ‘महोदय’, मुख्याध्यापिका असतील तर ‘महोदया’. त्यापुढे ‘स.न.वि.वि.’ लिहायची गरज नाही आणि ‘सा. न.’ तर नकोच, तो घरच्या वडीलधाऱ्यांसाठी. शेवटी ‘लोभ असावा’ हेही घरगुती पत्रातले. काका-मामांना लिहायचे ते मुख्याध्यापकांना लिहिले की वाचणारा हसतो, निदान मनात तरी. ‘आपला आज्ञाधारक’ जुन्या वळणाचे आहे, पण शाळेच्या अर्जात अजून चालते. ते जड वाटले तर ‘आपला विश्वासू’ लिहावे. मात्र मुलीने मुलाचा नमुना उतरवून ‘आपला’ आणि ‘करतो’ ठेवू नये. हे इतके वेळा होते की एका नजरेत ओळखू येते: नमुना कुणाचा आणि अर्ज कुणाचा.

मांडणीचे दोन प्रकार चालतात. जुन्या पद्धतीत तारीख वरच्या उजव्या कोपऱ्यात आणि सही खाली उजवीकडे असते. अलीकडे संगणकीय धाटणीत सगळे डाव्या समासाला लावून लिहितात. शाळेतल्या खऱ्या अर्जाला कोणतीही चालेल, फक्त वर एक आणि खाली दुसरी असे करू नये. परीक्षेतल्या पत्रलेखनात मात्र वर्गात शिकवलेलीच मांडणी ठेवावी.

विषयाची ओळ एका वाक्यात सगळे सांगणारी हवी. ‘रजेबाबत’ एवढेच लिहिले तर काहीच कळत नाही. मजकुरात ‘आपण अत्यंत कृपाळू आहात’, ‘आपल्या चरणी विनंती’ अशी भर घालू नये. रजेची विनंती एकदाच करावी, शेवटच्या वाक्यात. मध्येच दोनदा ‘कृपया कृपया’ आले की अर्ज रडवेला होतो.

कागद कोणते जोडायचे ते कारणावर ठरते. लग्न किंवा मुंज असेल तर पत्रिकेची झेरॉक्स पुरते. स्पर्धेला जायचे असेल तर आयोजकांचे पत्र. आजारपणाचा प्रकार थोडा वेगळा. एखादा दिवस अंग मोडून आले असेल तर बऱ्याच शाळांत डायरीत पालकांची चिठ्ठी चालते. त्याहून जास्त दिवस गेले तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि विश्रांतीच्या तारखा हव्यात. त्या तारखा अर्जातल्या तारखांशी जुळतात का, हे आधी घरीच पाहावे. कांजिण्यांसारखा पसरणारा आजार असेल तर ‘आता शाळेत येण्यास हरकत नाही’ असा डॉक्टरांचा दाखला परतताना आणावा.

आजारी पडण्याआधी कुणी अर्ज करत नाही, म्हणून तिथे भाषा बदलते. परतल्यावर लिहिताना ‘रजा मिळावी’ याऐवजी ‘दि. अमुक ते तमुक मी आजारी असल्याने शाळेत येऊ शकलो नाही, तरी ही रजा मंजूर करावी’ असे लिहावे. आजारपण लांबणार असे दिसले तर पालकांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना कळवून ठेवावे आणि अर्ज नंतर द्यावा.

अर्ज कुणी लिहायचा? माध्यमिक वर्गातल्या मुलाने स्वतः, पालकांच्या सहीने. पहिली-दुसरीतल्या मुलासाठी पालकच लिहितात आणि तेव्हा वाक्य ‘माझा मुलगा’, ‘माझी मुलगी’ असे सुरू होते. द्यायचा तो आधी वर्गशिक्षकांकडे. त्यांनी शेरा लिहिला की तो कार्यालयात जातो आणि मग मुख्याध्यापकांपुढे. थेट मुख्याध्यापकांच्या दालनात गेलात तर तुम्हाला बहुधा वर्गशिक्षकांकडेच पाठवतील. जवळ एक प्रत ठेवावी आणि शक्य असेल तर तिच्यावर कार्यालयाचा पोच-शिक्का घ्यावा.

दहावी-बारावीच्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. बोर्डाच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. रजा मंजूर झाली म्हणजे ते दिवस हजेरीत धरले गेले, असे नाही. मंजुरीमुळे एवढेच होते की तुम्ही न सांगता गायब झाला नव्हता, हे नोंदीवर येते. टक्केवारी काठावर असेल तर अर्ज देताना वर्गशिक्षकांकडून आपले भरलेले दिवस विचारून घ्यावेत.