दखल घेण्याची मुदत (फौजदारी कायदा)

किरकोळ गुन्ह्याची दखल न्यायालयाने ठरावीक काळाच्या आतच घ्यावी, ही फौजदारी प्रक्रियेतली अट. मुदत उलटली की पुरावा कितीही पक्का असला तरी खटला उभा राहत नाही. 1898च्या जुन्या संहितेत अशी सर्वसाधारण मुदत नव्हती. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती आणली आणि 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 513 ते 519 मध्ये आहे.

मुदत ठरते शिक्षेच्या कमाल मर्यादेवरून. फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेला एक वर्ष, त्याहून जास्त पण तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला तीन वर्षे. त्यापुढच्या गुन्ह्यांना ही मुदत नाही. कागदावर हे सोपे दिसते. खरी गुंतागुंत कुठे होते ते रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेत उभे राहून पाहिले की कळते.

समजा, 9 नोव्हेंबर 2024च्या रात्री कुणीतरी बागेतली कापणीला आलेली 60 खोडे कोयत्याने आडवी केली. घडाला 300 रुपये धरले तर नुकसान 18,000 रुपये. भारतीय न्याय संहितेत नुकसान 20,000च्या आत असेल तर या आगळिकीला जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे, म्हणजे मुदत एक वर्ष. त्याच रात्री 70 खोडे पडली असती तर आकडा 21,000 झाला असता, कैद दोन वर्षांपर्यंत गेली असती आणि मुदत तीन वर्षे मिळाली असती. नुकसान एक लाखावर गेले तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि मुदतीचा प्रश्नच संपला. म्हणून घड मोजून, त्या दिवसाचा केळीचा भाव लिहून ठेवणे हे भरपाईपुरते नसते. खटल्याचे आयुष्यही त्याच आकड्यावर ठरते.

मुदत गुन्ह्याच्या दिवसापासून मोजतात. पण गुन्हेगार अज्ञात असेल तर त्याची ओळख फिर्यादीला किंवा तपास करणाऱ्या पोलिसाला, ज्याला आधी पटेल, त्या दिवसापासून. आपल्या उदाहरणात शेजारच्या मजुराने 21 डिसेंबर 2024 रोजी नाव सांगितले असे धरू. तो दिवस वगळायचा. वर्ष 21 डिसेंबर 2025 रोजी संपते. तो रविवार, न्यायालय बंद. मग सोमवारी, 22 तारखेला दाखल केलेली फिर्यादही मुदतीत धरली जाते.

घात होतो तो एनसीपाशी, म्हणजे पोलिसांच्या अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीपाशी. 18,000चे नुकसान अदखलपात्र, त्यामुळे पोलीस ठाण्यात एनसी नोंदवून शेतकऱ्याच्या हातात प्रत मिळते. ‘केस केली आहे’ असे म्हणत तो निर्धास्त होतो. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस एनसीचा तपास करत नाहीत, आणि मुदतीचे घड्याळ काही थांबत नाही. कलम 514च्या स्पष्टीकरणानुसार मुदतीसाठी दोनच तारखा धरायच्या: कलम 223 खाली न्यायालयात फिर्याद दाखल झाल्याची किंवा कलम 173 खाली पोलिसांनी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवल्याची. एनसी कलम 174 खाली लिहिली जाते, ती या दोन्हींत बसत नाही. तेव्हा एनसीची प्रत हाती असली, तरी वर्षाच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करणे हाच खरा उपाय. ही बाब ठाण्यात क्वचितच कुणी समजावून सांगते.

ही तारीख ठरण्याआधी वाद मोठा होता. दखल प्रत्यक्ष घेतली तो दिवस धरावा, असे म्हटले तर न्यायालयाच्या दिरंगाईचा भुर्दंड फिर्यादीला पडे. 2013 मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फिर्याद दाखल झाल्याचीच तारीख ग्राह्य धरली आणि नव्या संहितेने तेच लिहून टाकले. फिर्याद वेळेत आली असेल, तर पुढे आरोपीला नोटीस, म्हणणे, तारखा यांत महिने गेले तरी मुदतीला धक्का लागत नाही.

मुदत चुकलीच तर कलम 519 उरते. उशिराचे समाधानकारक कारण दिसले किंवा न्यायासाठी गरज वाटली तर न्यायालय उशीर माफ करू शकते. मात्र आरोपीला नोटीस न देता, त्याचे ऐकून न घेता ही माफी देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. ‘एनसी केली होती, वाट पाहत होतो’ एवढे कारण पुरेल याची खात्री नाही. आजारपणाचे कागद, पोलिसांकडे केलेल्या लेखी अर्जांच्या पोचपावत्या असे काही हाती असेल तर गोष्ट वेगळी. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे, नेटाने खटला चालवण्यात गेलेला काळ मात्र मुदतीतून वजाच होतो; त्यासाठी माफी मागावी लागत नाही.

आरोपीच्या बाजूने पाहिले तर हा मुद्दा अपिलातही निघू शकतो. मुदतबाह्य खटल्यात झालेली शिक्षाही टिकत नाही, हे 1981 पासून ठरलेले आहे. तोडलेल्या केळीची नुकसानभरपाई मागायची तर तो दिवाणी दाव्याचा विषय, आणि त्याची मुदत मुदत अधिनियम, 1963 प्रमाणे वेगळी चालते.