हॉटेल लॉयल्टी प्रोग्राम : पॉइंट, एक्सपायरी आणि टियर

हॉटेल लॉयल्टी प्रोग्राम म्हणजे हॉटेल चेनचं फुकटचं मेंबरशिप खातं, ज्यात राहण्याच्या खर्चावर पॉइंट जमतात आणि वर्षभरातल्या रात्रींवर टियर म्हणजे दर्जा ठरतो. नवीन मेंबर इथेच गोंधळतो, कारण पॉइंट आणि टियर एकाच ॲपमध्ये दिसले तरी दोन्हींचे हिशेब वेगळे आणि संपायच्या तारखाही वेगळ्या. हा फरक नीट कळावा म्हणून इथे मॅरियट चेनच्या प्रोग्रामचं, म्हणजे मॅरियट बॉनव्हॉयचंच उदाहरण घेतलंय, मुंबईत जुहू, सहार, पवई, लोअर परळ अशा बऱ्याच ठिकाणी त्यांची हॉटेलं आहेत.

समजा दादरचं एक कुटुंब जून २०२५ मध्ये सहारच्या जेडब्ल्यू मॅरियटला दोन रात्री राहिलं, रेट रात्रीला १३,५०० रुपये. साध्या मेंबरला बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरमागे १० पॉइंट मिळतात. हिशेबाला सोपं जावं म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरूया, म्हणजे २७,००० रुपयांचे ३०० डॉलर आणि ३,००० पॉइंट. रात्रीचं ३,६०० रुपयांचं जेवण रूमच्या बिलावर टाकलं तर अजून ४००. पण रूमवरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,८६० रुपये, त्यावर काहीच नाही, म्हणून एकूण बिल बघून हिशेब केला की पॉइंट कमी आल्यासारखे वाटतात. आणि हेच बुकिंग दुसऱ्या ट्रॅव्हल साइटवरून केलं असतं तर सहसा रूमचे पॉइंटही नाहीत आणि रात्रीही मोजल्या जात नाहीत, भले रूम तीच असो. त्यामुळे चेनच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून बुक करायचं आणि चेक-इनला मेंबर नंबर रिझर्वेशनवर लागलाय ना हे विचारून घ्यायचं.

आता एक्सपायरी. बॉनव्हॉयमध्ये सलग २४ महिने खात्यात पात्र हालचाल झाली नाही तर सगळी शिल्लक जाते. हे प्रत्येक पॉइंटचं वेगळं घड्याळ नाही, पूर्ण शिल्लकीचं एकच आहे. वरच्या कुटुंबाचे ३,४०० पॉइंट जून २०२७ च्या सुमारास जातील, पण मधे मार्च २०२७ ला एक रात्र राहून पॉइंट मिळाले की जुने-नवे सगळे पुढे मार्च २०२९ पर्यंत जिवंत. पॉइंट वापरणं, विकत घेणं किंवा चेनच्या क्रेडिट कार्डवर कमावणं हीसुद्धा हालचाल धरतात. नुसतं ॲप उघडून लॉगिन करणं धरत नाहीत, आणि घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात पॉइंट पाठवणं किंवा तिकडून घेणंही धरत नाहीत, आणि लोक नेमके इथेच फसतात कारण ॲपमध्ये व्यवहार झालेला दिसतो ना! सगळ्या चेनचा नियम एक नाही हेही लक्षात ठेवा, आयएचजीमध्ये साध्या मेंबरला १२ महिनेच मिळतात.

टियर मात्र पैशांवर नाही, रात्रींवर (फक्त सगळ्यात वरच्या अँबॅसडरला खर्चाचीही अट आहे). कॅलेंडर वर्षात १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. १ जानेवारीला मोजणी शून्यावर येते, डिसेंबरपर्यंत ९ रात्री झाल्या असतील तरी त्या पुढच्या वर्षात जात नाहीत. लग्नासाठी स्वतःच्या नावावर तीन रूम घेऊन पैसे भरले तर पॉइंट तिन्हींचे मिळतात पण रात्र मोजली जाते एकाच रूमची. एकदा टियर मिळाला की ते वर्ष, पूर्ण पुढचं वर्ष आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकतो. म्हणजे सिल्व्हर मे २०२५ ला मिळवलं काय आणि डिसेंबर २०२५ ला मिळवलं काय, दोन्ही संपणार फेब्रुवारी २०२७ लाच, त्यामुळे वर्षात जितक्या लवकर मिळेल तितका तो जास्त दिवस वापरायला मिळतो.

फायदे वाचताना एकच गोष्ट बघायची, पक्कं दिलंय की 'उपलब्ध असेल तर' दिलंय. गोल्डला २५ टक्के जास्त पॉइंट मिळतात हे पक्कं, वरच्या मुक्कामाला ३,४०० च्या जागी ४,२५० झाले असते. पण दुपारी २ चं लेट चेक-आउट आणि बुक केलेल्यापेक्षा चांगली रूम हे हॉटेल रिकामं असेल तरच, गणपतीत किंवा लग्नसराईत काउंटरवर नकार मिळाला तर तो नियमातच आहे, भांडून उपयोग नाही. प्लॅटिनमला दुपारी ४ चं चेक-आउट बहुतेक हॉटेलांत पक्कं असतं, रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं सोडून. नाश्ता गोल्डमध्ये येत नाही, तो प्लॅटिनमपासून सुरू होतो आणि तोही ब्रँडप्रमाणे बदलतो, म्हणून गोल्डवाल्यांनी बुकिंग करतानाच नाश्त्यासकटचा रेट बघून घ्यावा.