शून्य नोंदींचा बिघाड (वेब स्क्रेपिंग)

वेबपानावरून ठरलेली माहिती आपोआप उचलणारे काम (स्क्रेपर) कोणतीही त्रुटी न दाखवता पूर्ण होते, पण हाती एकही नोंद लागत नाही, अशा बिघाडाचा हा प्रकार. मूळ पानाची मांडणी बदलणे हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण. पान उतरते, सर्व्हर 200 हा यशाचा संकेत देतो, आणि माहितीचा पत्ता सांगणारा सिलेक्टर मात्र रिकाम्या हाताने परततो. रिकामी यादी ही संगणकाच्या लेखी चूक नसते. तिच्यावरून फिरणारे आवर्तन शून्य वेळा फिरते आणि काम यशस्वी म्हणून संपते.

हा प्रश्न नेमका केव्हा ओळखला गेला हे सांगणे कठीण आहे. पाने फिरून पाहणारे पहिले कार्यक्रम 1993 च्या सुमाराचे, पण ते पत्ते मोजत. रकान्यांतून माहिती काढत नसत. त्यामुळे या बिघाडाचे मूळ त्याहून जुन्या, टर्मिनलच्या पडद्यावरचा मजकूर ठरावीक ओळ-स्तंभातून उचलण्याच्या पद्धतीत शोधता येईल. तेथेही पडदा बदलला की चुकीचा मजकूर हाती येई. पण काहीतरी येईच. निव्वळ शून्य हे टॅगांच्या खुणांवरून माहिती शोधण्याचे लक्षण आहे. त्यामुळे हा इतिहास 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘रॅपर’, म्हणजे एखाद्या पानातून ठरलेली माहिती काढणाऱ्या नियमांच्या संचाविषयीच्या संशोधनापासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. निकोलस कुशमेरिक यांनी 1999 मध्ये रॅपर बिघडला आहे का हे कसे तपासावे हा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. पानावरची माहिती रोज बदलतेच. म्हणून आजचे उत्तर कालच्या उत्तराशी अक्षरशः ताडून उपयोग नाही, तर शब्दसंख्या, लांबी अशा गुणधर्मांची तुलना करावी, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. 2003 मध्ये लर्मन, मिंटन व नोब्लॉक यांनी तपासणीला दुरुस्तीचीही जोड दिली.

मांडणी बदलली हे डोळ्यांना दिसेलच असे नाही. तक्त्याच्या ओळींना वेढणारा `tbody` हा टॅग याचे ठळक उदाहरण आहे. एचटीएमएल 4 पासून तक्त्यात तो लिहिणे ऐच्छिक आहे. लिहिला नसला तरी ब्राउझर तो स्वतः घालून घेतो. पायथॉनमधील `lxml` हे एचटीएमएल वाचणारे साधन, आणि म्हणून त्यावर उभी असलेली स्क्रेपी ही स्क्रेपर लिहिण्याची चौकट, तो घालत नाही, `html5lib` हे दुसरे साधन घालते. समजा, इंदूरच्या एका व्यापारी पेढीसाठी सोयाबीन आणि डॉलर चण्याचे मंडीभाव रोज रात्री आठला एका दरपत्रकाच्या पानावरून उचलले जातात आणि सिलेक्टर `table.bhav > tr` असा आहे. पान सांभाळणाऱ्यांनी मूळ मजकुरात `<tbody>` घातला, की `tr` ही ओळ `>` या खुणेला लागते तशी `table` चे थेट अपत्य राहत नाही आणि उत्तर शून्य येते. ब्राउझरमध्ये पान आधीसारखेच दिसते. त्याच्या तपासणी-खिडकीतही काही बदललेले आढळत नाही, कारण तेथे `tbody` पहिल्यापासूनच दिसत होता. म्हणून ब्राउझरवर विसंबून न राहता स्क्रेपरला प्रत्यक्ष मिळालेला मजकूर पाहावा लागतो.

निदानाचा पहिला भाग म्हणजे हा शून्य खरा की खोटा हे ठरवणे. रविवारी मंडी बंद असते. रंगपंचमीला शहर गेर ही रंगांची मिरवणूक पाहायला राजवाड्यावर लोटते, तेव्हाही लिलाव नसतो. त्या दिवशीचा शून्य खरा असू शकतो. पण खऱ्या शून्याचा पुरावा पानावरच असतो: ‘नोंद उपलब्ध नाही’ असा मजकूर, किंवा मागच्या दिवसाची तारीख. असा पुरावा सापडला तरच शून्य मान्य करावा. सुट्टीच्या यादीवर विसंबणे धोक्याचे, कारण बिघाड सुट्टीच्याच दिवशी सुरू झाला तर तो यादीआड लपतो.

त्यानंतर स्क्रेपीच्या लॉगच्या शेवटची आकडेवारी पाहतात:

```
'downloader/response_status_count/200': 2,
'finish_reason': 'finished',
```

दोन उत्तरांपैकी एक स्क्रेपरांना काय उचलू द्यायचे हे सांगणाऱ्या `robots.txt` फाइलचे, दुसरे पानाचे. येथे `item_scraped_count` ही नोंदींची संख्या सांगणारी ओळ 0 दाखवत नाही. एकही नोंद नसेल तर ती ओळच नसते. तो शब्द शोधून शून्याशी ताडणारी देखरेख इथेच फसते. ओळ गैरहजर असेल तर शून्य धरावा, असे वेगळे सांगावे लागते.

पुढे, उतरलेल्या मजकुरात नेहमी असणारा एखादा शब्द, उदा. ‘सोयाबीन’, शोधतात. तो नसेल तर सिलेक्टरला दोष देऊ नये. माहिती आता जावास्क्रिप्ट मागाहून आणत असेल, किंवा 200 या संकेताखाली लॉगिनचे वा कॅप्चाचे पान आले असेल. शब्द असेल तर `scrapy shell` मध्ये सिलेक्टर बाहेरून आत, एकेक पायरी तपासतात:

```
>>> len(response.css('table.bhav'))
1
>>> len(response.css('table.bhav > tr'))
0
>>> len(response.css('table.bhav tr'))
43
```

तक्ता आहे, ओळीही आहेत. मधले `>` तुटले आहे. ते काढून टाकल्याने काम चालू होते, पण तक्त्याच्या आत दुसरा तक्ता असेल तर त्याच्याही ओळी मोजल्या जातात. वरील 43 मध्ये एक ओळ शीर्षकाची आहे, भाव 42. दुरुस्तीनंतर नोंदींची संख्या शेवटच्या चांगल्या दिवसाशी ताडून पाहावी ती यासाठी.

तक्रार स्क्रेपर सांभाळणाऱ्याकडे करायची असते. पान चालवणाऱ्यांनी मांडणी न बदलण्याचे वचन दिलेले नसते. ब्राउझरमध्येही पान कोरे दिसत असेल तरच त्यांना कळवावे. ‘साइट चालत नाही’ एवढ्याने काहीच कळत नाही. चांगली तक्रार साधारण अशी असते:

> विषय: mandi_bhav – 20 मार्चपासून 0 नोंदी, पान 200
> शेवटचे चांगले काम: 18 मार्च 2025, रात्री 8 (भारतीय वेळ), 42 नोंदी
> 19 मार्च: 0 नोंदी, रंगपंचमी, मंडी बंद, बिघाड तेव्हाच होता का ते नक्की नाही
> 20 मार्च: 0 नोंदी; पानावर आजची तारीख व भाव आहेत
> तुटलेला सिलेक्टर: `table.bhav > tr`, `table.bhav tr` ला 43
> सोबत: 18 व 20 मार्चची उतरलेली पाने, पूर्ण लॉग
> परिणाम: पेढीच्या तक्त्यात 18 तारखेचेच भाव आजचे म्हणून दिसत आहेत

तारखांचे तीन स्तर वेगळे ठेवलेले आहेत, ते बदल केव्हा झाला हे शोधणाऱ्याच्या कामी येतात. वेळ भारतीय की यूटीसी हे लिहावेच. फरक साडेपाच तासांचा आहे, आणि रात्री एकला चालणारे काम यूटीसीत आदल्या तारखेला पडते. पडद्याचे छायाचित्र जोडण्यात अर्थ नाही, कारण वरच्या उदाहरणात दोन्ही दिवसांची छायाचित्रे सारखीच दिसतील. उतरलेली एचटीएमएल फाइलच जोडावी. लॉग पाठवण्यापूर्वी त्यातील कुकी, टोकन व पासवर्ड काढून टाकावेत. परिणामाची ओळ अनेकदा राहून जाते, पण दुरुस्ती आज रात्री करायची की सोमवारी हे तिच्यावरूनच ठरते: जुना भाव आजचा समजून सौदा होणे हे तक्ता रिकामा दिसण्यापेक्षा वाईट.

दुरुस्ती झाल्यावर मधल्या दिवसांची पाने जपून ठेवलेली असतील तर नवा सिलेक्टर त्यांच्यावरच चालवून नोंदी भरून काढता येतात. ती नसतील आणि मूळ पान मागचे भाव दाखवत नसेल, तर त्या तारखेचा रकाना रिकामा ठेवतात. तेथे 0 लिहिल्यास तो सोयाबीनचा क्विंटलमागचा भाव म्हणून महिन्याच्या सरासरीत जातो.